2 मे, शनिवार: आमच्या नव्या घरी या

लोकहो,

घर झालं! चावी मार्चमध्येच हातात आली होती, पण रंगारी, सुतार आणि प्लंबर या तिघांनी एकमेकांची वाट बघण्यात महिना घालवला. आता ते तिघेही गेलेत, आम्ही राहायला आलोय आणि तुम्हाला बोलावल्याशिवाय हे घर आपलं वाटणार नाही.

तर आधी कामाचं:

शनिवार, 2 मे 2026
संध्याकाळी 6 ते रात्री 10
फ्लॅट 11, तिसरा मजला, मधुमालती सोसायटी, आनंदनगर मेट्रो स्टेशनजवळ, पौड रस्ता, कोथरूड, पुणे 411038
सहकुटुंब, मुलाबाळांसकट

ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबून ‘येतो’ म्हणून कळवलं तरी चालेल. बाकीच्यांनी पुढे वाचा, कारण पार्किंगचा प्रश्न आहे आणि आंब्यांचाही.

वास्तुशांत गेल्या आठवड्यात झाली. 17 मेला अधिक महिना लागतोय, त्याच्या आत उरकून घ्या असा दोन्हीकडच्या आयांचा धोशा होता आणि गुरुजींकडे एकच दिवस मोकळा होता. त्यामुळे ती फक्त घरच्यांत केली. तुम्हाला तेव्हा न बोलावण्यात थोडा स्वार्थही होता. होमाच्या धुरात डोळे पुसत, सोवळ्यातल्या निनादकडे बघून तुम्ही जे काही बोलला असता ते माझ्या सासऱ्यांसमोर नको होतं. आता बोला. 2 तारखेला पूजा नाही, हळदीकुंकू नाही, काही विधी नाही. नुसतं यायचं, घर बघायचं, जेवायचं, गप्पा मारायच्या.

तारीख अशी का, तर 1 मे शुक्रवारी येतोय. महाराष्ट्र दिन आणि बुद्धपौर्णिमा एकाच दिवशी, म्हणजे शुक्रवार-शनिवार-रविवार अशी जोडून सुट्टी. मुंबईकर आणि नाशिकवाली रूपाली यांना निघायला बरं पडेल. आणि आदल्या दिवशी पौर्णिमा असल्यामुळे शनिवारी अंधार पडता पडता चंद्र वर येईल. जेवण गच्चीवर आहे, तेव्हा ट्यूबलाइट लावायची की नाही यावर निनादशी आत्तापासून वाद चालू आहे.

घराबद्दल थोडं सांगते, म्हणजे येऊन ‘अगं हे काय’ म्हणायला नको. जुनी इमारत आहे, नव्वदच्या दशकातली. खाली पार्किंग, वर तीन मजले, लिफ्ट नाही. केतकी, तुझ्या आईंना नक्की आण. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात आम्ही खुर्ची ठेवणार आहोत, तिथे बसून दम खाता येईल. आणि त्यांना गच्चीपर्यंत चढवायचं नसेल तर मी त्यांच्याबरोबर खाली घरातच जेवेन, मला मनापासून आवडेल. ‘रिडेव्हलपमेंटला कधी जाणार?’ हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही. सोसायटीच्या सभेत तो दर वेळी निघतो आणि दर वेळी चहा थंड होतो. आणि हो, घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, एवढाच त्यामागचा उदात्त विचार. निनाद कायदेशीरदृष्ट्या पाहुणा आहे, त्याच्याशी तसंच वागा.

आता पोहोचायचं कसं. मेट्रो सगळ्यात सोपी. वनाज-रामवाडी मार्गावर आनंदनगरला उतरा. पुणे स्टेशनवरून थेट गाडी आहे. पिंपरी किंवा स्वारगेटकडून येणाऱ्यांनी सिव्हिल कोर्टला बदला. स्टेशनातून खाली उतरलात की पायी सहा-सात मिनिटं. औषधाच्या दुकानाला लागून आत वळणारी गल्ली, उजव्या हाताची तिसरी इमारत, फाटकावर जांभळी बोगनवेल. लोकेशन या मेसेजच्या खाली टाकते, पण एक सांगून ठेवते: नकाशा मागच्या फाटकाशी नेऊन सोडतो आणि ते फाटक कायम बंद असतं. बोगनवेल दिसली नाही तर फोन करा, निनाद गॅलरीतून हात हलवेल.

दुचाकी आत लावता येतील, वॉचमन काकांना सांगून ठेवलंय. चारचाकी मात्र गल्लीतच. 2 ही सम तारीख, तेव्हा ‘पी 2’ पाटीच्या बाजूला लावायची. समोरच्या बाजूला ‘पाचच मिनिटं’ म्हणून लावलेल्या गाड्या उचलून नेलेल्या मी इथे येऊन लगेचच पाहिल्यात. शक्य असेल त्यांनी एका गाडीतून या. बाणेरवाल्यांनो, तुम्ही तीन घरं आहात आणि शेजारी राहता, तीन गाड्या आणू नका.

खाण्याचं असं ठरवलंय. सहा वाजता आलात की पन्हं आणि ओली भेळ. जेवण आठला: आमरस, पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, मसालेभात, मठ्ठा, काकडीची कोशिंबीर, आईने केलेल्या कुरडया आणि पापड्या. पुऱ्या, भाजी आणि भात कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातल्या काकू करून देणार आहेत, रस घरी. शनिवारचा उपास कोणाकोणाचा असतो ते मला माहीत आहे, पण नव्याने धरलेल्यांनी सांगा. साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी वेगळी होईल. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी भाजी तशीच करायला सांगितली आहे.

सँडी विचारायच्या आत उत्तर देते: नाही, ‘बसायचं’ नाही. सासू-सासरे इथेच आहेत आणि गच्ची सोसायटीची आहे. चिकनही नाही. त्या दोन्ही गोष्टींसाठी जूनमध्ये वेगळी तारीख काढू, तेव्हा पाऊसही असेल.

येताना काय आणायचं? आहेर आणू नका. हे पत्रिकेवर छापतात तसं म्हणत नाही, खरंच नका. वास्तुशांतीला गणपतीच्या मूर्ती इतक्या आल्यात की त्यांची आपापसांत ओळख करून द्यावी लागेल. भिंतीवरची घड्याळं दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. डिनर सेटचं खोकं अजून उघडलेलंही नाही.

त्याऐवजी प्रत्येकाने एक फोटो आणा. आपल्या सगळ्यांचा किंवा आपल्यातल्या कोणाचाही, कुठल्याही वर्षीचा, पण कागदावर छापलेला. 4 बाय 6 इंच पुरे. फोनमध्ये दाखवलेला चालणार नाही. कारण सांगते. इतकी वर्षं अकरा महिन्यांच्या करारांवर राहिलो आणि प्रत्येक करारात एक अट ठरलेली असायची: भिंतीला खिळा मारायचा नाही. आमचे सगळे फोटो कपाटात, पुस्तकांच्या मागे, गादीखाली. आता बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत रिकामी ठेवली आहे. जुनं विटांचं बांधकाम आहे, खिळा सहज बसतो. हातोडी आणि खिळे आम्ही देतो. ज्याने त्याने आपला फोटो आपल्या हाताने लावायचा, वाकडा लागला तर वाकडाच राहील. हॉस्टेलच्या गच्चीवरचा, ज्यात निनादला मिशी होती, तो फोटो ज्याच्याकडे असेल त्याने तो आणलाच पाहिजे. निनादने तुम्हाला वेगळा मेसेज करून काहीही कबूल केलं तरी.

ज्यांच्याकडे झाडं आहेत त्यांनी हवी तर एखादी फांदी आणा. गॅलरीला सकाळचं ऊन येतं. ब्रह्मकमळाचं पानही लागतं, गवती चहाचा मुळासकट एक ठोंब पुरतो, मोगऱ्याची पेन्सिलएवढी जाड काडी चालेल. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलीत तर उन्हाने मान टाकणार नाही. कुंड्या आणि माती आहे, नुसती माती.

बाकी चार जणांना हक्काने कामं सांगते आहे:

केदार, हापूस तुझ्याकडून. पंचवीस-एक माणसं धरून पाच डझन. रत्नागिरीहून सोमवारपर्यंत निघाले तर इथे चार दिवस अढीत पिकतील, तेव्हा थोडे कच्चटच पाठव. पैसे मी आधी पाठवणार आहे, ‘घरचेच आहेत गं’ हे चालणार नाही. काका वर्षभर बागेमागे राबतात.

केतकी, तू डहाणूकरात आहेस म्हणून बर्फ तुझ्याकडे. दोन मोठ्या पिशव्या, साडेपाचला. आमचा फ्रिज अजून जुनाच आहे आणि त्यात बर्फ होतो म्हणणं जरा धाडसाचं आहे.

बापू, तुमच्या मंडळाच्या सतरंज्या चार मिळतील का? गच्चीची फरशी साडेसहापर्यंत चटके देते.

रूपाली, सांगलीला माहेरी जाऊन येणार आहेस असं कळलं. भडंग. किती आणायचं ते तू ठरव, संपतंच.

लहान मुलं असलेल्यांसाठी: गच्चीचा कठडा मोठ्यांच्या कमरेएवढाच आहे, तेव्हा वर असताना एक मोठं माणूस आळीपाळीने मुलांमागे राहील. खाली आतली खोली त्यांच्यासाठी मोकळी ठेवली आहे, कॅरम आणि गाद्या टाकून. कोणी पेंगुळलं तर तिथे निजवा. गाण्यांचा स्पीकर दहाला बंद. खालच्या मजल्यावरचे आजोबा फार सज्जन आहेत, त्यांनाही जेवायला बोलावलंय.

मुंबईकर, तुम्ही मुक्कामालाच या. घाटात त्या सुट्टीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे शक्यतो रेल्वेने या. सकाळची डेक्कन एक्सप्रेस धरलीत तर दुपारी भेळेची कैरी चिरायला हात मिळतील. दुपारी 4.25 ची प्रगती घेतलीत तर पुणे स्टेशनलाच आठ वाजतील, मग थेट पानावर बसा. गाद्या सहा आहेत, पांघरूण मात्र आपापलं आणा. एसी अजून बसला नाही, पंखे आहेत. सुती कपडे घाला. रविवारी सकाळी पोहे आणि उरलेला रस. रस उरला तर.

येणार की नाही, किती जण, मुक्काम आहे का आणि उपास आहे का, एवढं मंगळवार 28 एप्रिलपर्यंत मला किंवा निनादला कळवा. काकूंना बुधवारी आकडा द्यायचा आहे. ‘बघतो’ हे उत्तर ‘येतो’ असं धरून पुऱ्या सांगितल्या जातील. आणि मधेच जमेनासं झालं, किंवा रात्री नऊला अर्ध्या तासासाठीच येता येणार असेल, तरी संकोच न करता या. ताट झाकून ठेवू.

वाट बघतोय.

मुग्धा आणि निनाद

ता. क. दारावरची बेल दाबली की कोंबडा आरवतो. ती आधीच्या मालकांची आहे. काढायची की ठेवायची यावर त्या दिवशी मत घेणार आहोत, सासरेबुवांनी ‘ठेवा’ म्हणून सांगून टाकलंय.