विषय: शीट नं. 2 आणि 3 मधे कॉलम सरकलेत, माल खरेदी भावात विकला गेलाय

नमस्कार साहेब,

शनिवारी तुमच्या शीट आल्या, रविवारी दुकान बंद म्हणून मुलाने सॉफ्टवेअरला चढवल्या आणि आज सकाळी काउंटरवर गोंधळ. आमचा रोजचा प्लंबर पाऊण इंची पितळी बॉल व्हॉल्व्हचे सहा नग घेऊन गेला, बिल निघालं 212 ने. 212 ही माझी खरेदी आहे हो, एमआरपी 385! वर तो हसत म्हणतो, शेठ एवढी वर्षं आम्हाला काय भावाने देत होता. आता त्याला काय सांगू?

मग बसून बघितलं. एमआरपीच्या जागी खरेदी, खरेदीच्या जागी जीएसटीचा 18, जीएसटीच्या जागी एचएसएन 8481 आणि स्टॉक 385 नग! खरा स्टॉक 24, तो शेवटी बिननावाच्या कॉलममधे जाऊन पडलाय. एचएसएनच्या जागी तर 03-Apr, म्हणजे आमची 3/4 साईज, तिची एक्सेलने तारीख करून टाकली.

फोनवर तुमच्याकडचा मुलगा म्हणाला तुमचं इम्पोर्ट चुकलं असेल. नाही चुकलं. तुमची फाईल नोटपॅडमधे उघडली, ओळ जशीच्या तशी देतो:

```
1187,बॉल व्हॉल्व्ह, पितळी,3/4,8481,18,212,385,24
```

नावातच कॉमा आहे आणि नाव अवतरणात नाही, त्यामुळे एका नावाचे दोन कॉलम झाले आणि पुढचं सगळं एक घर उजवीकडे. आमच्या रजिस्टरात नावं अशीच लिहिलेली आहेत हे मान्य, पण सीएसव्ही करताना ते तुम्ही बघायचं ना, पैसे त्याचेच देतोय. आणि सगळ्या ओळी सरकल्या असत्या तरी बरं, कॉलम ओढून आम्हीच नीट केला असता, पण ज्यात कॉमा तेवढ्याच सरकल्यात. जीएसटीला फिल्टर लावला तर 18 आणि 5 च्या जोडीला 3917, 7318, 8481 असली रांग. दोन्ही शीट मिळून 618 ओळी निघाल्या. शीट नं. 1 बरोबर आहे, ती बहुतेक दुसऱ्या कोणीतरी केली असावी.

गुरुवार संध्याकाळपर्यंत दोन्ही शीट परत करून द्या, सीएसव्ही नको, एक्सेलमधेच द्या आणि साईज, एचएसएन टेक्स्ट ठेवा. त्याआधी उद्या 50 ओळी नमुना पाठवा, कॉमावाल्याच, मी रजिस्टरशी ताडून बघतो. राहिलेले 9,500 ते झाल्यावर. परत केल्याचे वेगळे पैसे मी देणार नाही, आणि आज जे भाव गेले त्याचा हिशोब काढून ठेवलाय, तो भेटल्यावर बोलू.

तोपर्यंत आम्ही हाताने बिलं फाडतोय, त्यामुळे जरा लवकर बघा.

कराडचं हार्डवेअर दुकान
(शीटची फाईल सोबत जोडलीय, चुकलेल्या ओळी पिवळ्या केल्यात)