मासेमारी बंदीच्या दिवसांत मन जड झालंय?

1
1 जून ते 31 जुलै. होड्या किनाऱ्यावर ओढल्या, जाळी पडवीत आली. हर्णै असो की देवगड, घरात माणूस आहे, पण बोलत नाही.

2
कमाई बंद, खलाशांना दिलेली उचल अडकलेली, बँकेचा हप्ता मात्र चालूच. अशात झोप उडते, जेवण जात नाही, चिडचिड घरच्यांवर निघते. तुमचंही असं होत असेल तर तुम्ही कमजोर नाही. याला आजाराचं नाव आम्ही देणार नाही. ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

3
घरातलं कुणी गप्प झालंय? जाळं दुरुस्त करायला त्यांच्याशेजारी बसा. हात कामात असले की बोलणं सोपं जातं.
"बाबा, हल्ली रात्री जागेच असता ना?"
एवढंच विचारा आणि थांबा. सल्ला नको, कर्जाचा हिशेब तर नकोच. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, पण डॉक्टरकडे जाणं त्यासाठी लांबवू नका.

4
त्रास दोन आठवडे टिकला, किंवा त्याआधीच सोसवेना, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना भेटा. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. तिथं गेलं म्हणजे "वेडा ठरला" असं अजिबात नाही.

5
टेली मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन: 14416
मोफत, चोवीस तास, मराठीत. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.
कुणी "जगावंसं वाटत नाही" म्हणालं तर त्यांना एकटं सोडू नका. जिवाला धोका वाटला तर लगेच 112.