‘पाहिजे’ की ‘पाहिजेच’? शुड, मस्ट, कुडचा सराव

हा सराव संध्याकाळच्या मोठ्यांच्या वर्गासाठी केलेला आहे. कॅन, मे, मस्ट यांचे अर्थ तुम्हाला शाळेपासून पाठ आहेत. तरी बोलताना गडबड होते, कारण मराठीत आपण एका ‘पाहिजे’वर बरंच काही भागवतो आणि बाकीचं काम आवाजावर सोपवतो. इंग्रजीत ते काम शब्दालाच करावं लागतं.

नियम दोन ओळींत. या क्रियापदांना, म्हणजे मोडलना, एस लागत नाही, पुढे टू येत नाही आणि प्रश्न विचारताना डू लागत नाही. म्हणून ‘ही कॅन्स’, ‘शी मस्ट टू गो’, ‘डू यू कॅन’ ही तिन्ही चूक.

क्षमता

‘मला पोहता येतं’ आणि ‘आज मी पोहू शकत नाही, खांदा दुखतोय’ या वाक्यांत मराठी फरक करते. पहिल्यात शिकलेली कला आहे, दुसऱ्यात आजची ताकद. इंग्रजी दोन्हीकडे कॅनच वापरते, त्यामुळे इथे आपलं काम सोपं होतं. अडचण भूतकाळात येते. कुड म्हणजे तेव्हा अंगात असलेली क्षमता. एखाद्या वेळी प्रयत्न करून प्रत्यक्ष जमलं असेल, तर ‘वॉज एबल टू’. नकारात मात्र कुडन्ट दोन्हीकडे चालतं.

सराव १. इंग्रजीत म्हणा.
(अ) लहानपणी मला झाडावर चढता यायचं.
(आ) कुलूप अडकलं होतं, पण शेवटी मला ते उघडता आलं.
(इ) मला ते उघडता आलं नाही.
(ई) महिन्याभरात तुला गाडी चालवता येईल.

उत्तरं: (अ) आय कुड क्लाइम्ब ट्रीज. (आ) आय वॉज एबल टू ओपन इट. इथे कुड बसत नाही, कारण ही एकदाच घडलेली गोष्ट आहे. (इ) आय कुडन्ट ओपन इट. (ई) यू विल बी एबल टू ड्राइव्ह. ‘विल कॅन’ असं काही नसतं. दोन मोडल एकापुढे एक उभे राहत नाहीत.

परवानगी

मित्राला कॅन, जरा अदबीने कुड, औपचारिक ठिकाणी मे. एक खाच लक्षात ठेवा: कुडने परवानगी मागता येते, देता येत नाही. ‘कुड आय सिट हिअर?’ याला ‘येस, यू कुड’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं, बसता येईलही, पण याच्या मनात काहीतरी आहे. उत्तर ‘येस, यू कॅन’ किंवा नुसतं ‘ऑफ कोर्स’.

सराव २. चूक शोधा.
– कुड आय यूज युअर फोन?
– शुअर, यू कुड.

उत्तर: दुसऱ्या ओळीत कॅन हवं.

बंधन: खरी गंमत इथे आहे

चार वाक्यं मोठ्याने वाचा.

डॉक्टरांना दाखवून बघ ना.
डॉक्टरांना दाखवायला हवंस.
डॉक्टरांना दाखवायलाच हवं.
दर महिन्याला डॉक्टरांना दाखवावं लागतं.

पहिलं सुचवणं आहे: यू कुड सी अ डॉक्टर. दुसरा सल्ला आहे, ऐकायचा की नाही हे ऐकणाऱ्यावर: यू शुड सी अ डॉक्टर. तिसऱ्यात तो ‘च’ आला आणि पळवाट बंद झाली: यू मस्ट सी अ डॉक्टर. चौथ्यात बंधन बाहेरून आलंय, बोलणाऱ्याची इच्छा असो नसो: आय हॅव टू सी अ डॉक्टर एव्हरी मन्थ. वर्गात मी एवढंच विचारते, मराठी वाक्यात ‘च’ घालावासा वाटतो का? वाटला तर मस्ट. दहातल्या आठ वेळा ही युक्ती लागू पडते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका वरिष्ठ बाईंना लिहिलं होतं, ‘यू मस्ट सेंड द फाइल टुडे.’ मनात होतं, ‘आज पाठवायला हवी हो.’ पोचला तो हुकूम. त्यांनी फाइल पाठवली, वर एक शब्द लिहिला नाही, आणि आठवडाभर चहाला बोलावलं नाही. ‘कुड यू सेंड द फाइल टुडे?’ एवढं पुरलं असतं.

तरी मस्ट नेहमी दरडावणारंच असतं असं नाही. ‘यू मस्ट कम टू अवर हाउस’ हा आग्रह झाला, आपल्या ‘यायलाच हवं हं’ सारखा. फायदा ऐकणाऱ्याचा असेल तर मस्ट गोड लागतं, बोलणाऱ्याचा असेल तर टोचतं.

नकारात सगळ्यात जास्त घसरगुंडी. मस्टन्ट म्हणजे मनाई, ‘करायचं नाही’. (उच्चारात मधला टी गळतो, ‘मसन्ट’ असं ऐकू येतं.) डोन्ट हॅव टू म्हणजे ‘गरज नाही, केलं तरी चालेल’. शुडन्ट म्हणजे ‘करू नये’. आपलं ‘यायला नको’ या तिन्हींत कुठेही बसतं, म्हणून आधी मनातला अर्थ पक्का करा. शिवाय बंधनाच्या मस्टला भूतकाळ नाही. तिथे हॅड टू.

सराव ३. कोणतं घ्याल?
(अ) उद्या सुट्टी आहे, लवकर उठायला नको.
(आ) ही तार उघडी आहे, हात लावायचा नाही.
(इ) रात्री इतका वेळ जागू नये.
(ई) काल मला दोन तास थांबावं लागलं.

उत्तरं: (अ) डोन्ट हॅव टू. इथे मस्टन्ट वापरलंत तर लवकर उठणं गुन्हा ठरेल. (आ) मस्टन्ट. (इ) शुडन्ट. (ई) हॅड टू.

शक्यता

तेच शब्द इथे अंदाज बांधतात. तुम्ही एका घराची बेल वाजवली. दाराशी चपला आहेत, खिडकीतून फिरता पंखा दिसतोय. ‘दे मस्ट बी इन्साइड’, आत असणारच. चपला, पंखा काही दिसत नाही, पण ते रोज सहाला परततात आणि आता साडेसहा झालेत. ‘दे शुड बी होम’, एव्हाना यायला हवेत. यातलं काहीच ठाऊक नसेल तर ‘दे कुड बी इन्साइड’, असतीलही. मे आणि माइट साधारण याच पायरीवर. दाराला बाहेरून कुलूप दिसलं, तर ‘दे कान्ट बी इन्साइड’. इथे मस्टन्ट नाही; ‘असणारच’चा उलटा ‘असणं शक्यच नाही’ म्हणजे कान्ट.

अंदाजाचं शुड सहसा हव्याशा गोष्टीसाठी येतं. ‘द बस शुड बी हिअर सून’ ठीक. ‘द बस शुड ब्रेक डाउन’ म्हटलंत तर ती बंद पडावी अशी तुमचीच इच्छा वाटेल.

सराव ४. झालेल्या गोष्टींबद्दल इंग्रजीत म्हणा.
(अ) तू मला सांगायला हवं होतंस.
(आ) तू मला सांगू शकला असतास.
(इ) त्याने तिला सांगितलं असणार.

उत्तरं: (अ) यू शुड हॅव टोल्ड मी. कर्तव्य चुकलं, हा ठपका आहे. (आ) यू कुड हॅव टोल्ड मी. वाट मोकळी होती, तू घेतली नाहीस. रागाच्या सुरात हेसुद्धा ठपक्याच्या जवळ जातं. (इ) ही मस्ट हॅव टोल्ड हर. ‘सांगायलाच लागलं’ असं म्हणायचं असेल, तर ‘ही हॅड टू टेल हर’.

बोलताना ‘हॅव’ आखडून ‘शुडव्ह’, ‘कुडव्ह’ होतं आणि कानाला ते ‘शुड ऑफ’सारखं लागतं. लिहिताना तिथे ऑफ लिहू नका. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही ही चूक करतात.