आषाढी एकादशी: संध्याकाळच्या फराळाचा बेत आणि वाढपाची वाटणी

जागा जुळे सोलापूरचं आपलं घर, माणसं चाळीस. साडेपाचला हरिपाठ, सातला आरती, सव्वासातला पहिली पंगत.

जो सगळ्यात कडक उपवास करतो, त्याला चालेल तेच शिजवायचं. म्हणून हळद, मोहरी, हिंग काहीच नाही. जिरं आणि कोथिंबीरही काहींना चालत नाही, तेव्हा फोडणी तूप-मिरचीचीच. जिरेपूड आणि कोथिंबीर वेगवेगळ्या वाटीत बाजूला. मीठ सैंधव. आपली नेहमीची शेंगाचटणी ताटाजवळ आणायची नाही, तिच्यात लसूण असतो. मोठ्या वहिनींनी भाजलेल्या शेंगा, लाल तिखट आणि मीठ एवढंच घालून वेगळी कुटावी, तीही धुतलेल्या उखळात.

बेत: साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, रताळ्याच्या गोड फोडी, दही, केळं, राजगिऱ्याचा लाडू.

साबुदाणा २ किलो, कूट १ किलो, बटाटे दीड किलो. साबुदाणा दुपारी बाराला दोनदा धुवून, जेमतेम वर येईल एवढंच पाणी ठेवून भिजवायचा. पावसाळी हवेत जास्त पाणी झालं की गोळा होतो. खिचडी एकदम करायची नाही, तीन घाणे करायचे: पावणेसातला, सव्वासातला, पावणेआठला. सकाळपासून उपाशी असलेल्या माणसाच्या पानात गारढोण खिचडी पडली की मला फार वाईट वाटतं.

भगर दीड किलो, पाणी तिप्पट, सव्वासहाला चुलीवर. भगर ताजी, पाकीटबंद आणावी, निवडून धुवावी. सुटं, जुनं भगरीचं पीठ अजिबात नको, बुरशीमुळे विषबाधा होते. आमटीला कूट पाऊण किलो, आमसुलं, गूळ. ती जरा पातळच असू दे, भगरीत मुरते. रताळी तीन किलो, लक्ष्मी मंडईतून आदल्या दिवशीच आणायची, एकादशीला सकाळी भाव चढलेला असतो.

वाढप: हॉलमध्ये सोलापुरी चादरी पसरून वीस-वीसच्या दोन पंगती. आधी मीठ, चटणी, कोशिंबीर, मग रताळं, भगर-आमटी, शेवटी गरम खिचडी. दही दोन्ही भाच्यांनी फिरवावं आणि प्रत्येकाला विचारूनच वाढावं. साखरेची गोळी घेणाऱ्या आत्या आणि काकांना पंगतीची वाट बघायला लावू नका. साडेसहालाच आतल्या खोलीत थोडी भगर, आमटी आणि भरपूर कोशिंबीर द्या, रताळं-लाडू त्यांना विचारल्याशिवाय नको. लहान मुलंही पहिल्याच पंगतीत.

उरलेली खिचडी रात्रीच डब्यांत भरून शेजारी द्यायची. सकाळी द्वादशीच्या पारण्याला कडक भाकरी आणि पिठलं धाकट्या वहिनींकडे. मुक्कामाला नऊ माणसं आहेत, पीठ आजच दळून ठेवा.