विषय : युनिट विक्रीची रक्कम १४ दिवस उशिरा मिळाल्याबद्दल तक्रार आणि भरपाईची मागणी

दिनांक : १ डिसेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ज्या गुंतवणूक ॲपद्वारे मी म्युच्युअल फंडात पैसे गुंतवते, त्या कंपनीचे मुंबई कार्यालय

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : संबंधित फंड हाऊसचे गुंतवणूकदार संबंध अधिकारी

संदर्भ : फोलिओ क्रमांकाचे शेवटचे चार अंक २०८६, विक्रीच्या ऑर्डरचे शेवटचे चार अंक ४४७१, तक्रार तिकिटाचे शेवटचे तीन अंक ३१८

महोदय / महोदया,

मी वैशाली सावंत, राहणार परळ, मुंबई ४०००१२. गेली सोळा वर्षे भाड्याच्या जागेत पोळी-भाजी केंद्र चालवते. जानेवारी २०१९ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत तुमच्या ॲपवरून दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी एका फ्लेक्सी कॅप योजनेत भरली. ८२ हप्ते, त्यातला एकही चुकवला नाही. लॉकडाऊनमध्ये केंद्र बंद होते तेव्हासुद्धा नाही. हे पैसे स्वतःच्या मालकीच्या गाळ्यासाठी साठवत होते.

गाळ्याचा व्यवहार ठरला. इसार दिला. उरलेल्या रकमेसह नोंदणी शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५ रोजी करायची असे इसारपावतीत लिहिलेले आहे. त्या हिशेबाने मी सोमवार, १० नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी सगळे युनिट विकण्याची ऑर्डर दिली. त्याच वेळी तुमच्या ॲपच्या स्क्रीनवर 'दोन कामकाजाच्या दिवसांत रक्कम बँक खात्यात' असे लिहिलेले होते आणि खाली माझ्या खात्याचे शेवटचे चार अंकही दिसत होते. त्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. म्हणजे पैसे बुधवारी, १२ तारखेला यायला हवे होते. काही अडलेच तर हाताशी असावा म्हणून गुरुवारचा एक दिवस मी मोकळा ठेवला होता.

दुपारी तीनच्या आत ऑर्डर गेल्यामुळे त्याच दिवशीची एनएव्ही मिळाली. शेवटच्या वर्षभरातल्या हप्त्यांवर एक्झिट लोड कापला गेला, तो योजनेच्या अटींप्रमाणेच आहे. या दोन्हींबद्दल माझी काही तक्रार नाही. सगळी कपात जाऊन ६,१२,४८० रुपये मला मिळायचे होते. ते खात्यात जमा झाले गुरुवार, २७ नोव्हेंबरला.

मधल्या दिवसांत तुमच्याकडून काय उत्तरे मिळाली ते सांगते. १३ तारखेला संध्याकाळी चॅटवर विचारले, तर '२४ ते ४८ तासांत होईल'. १४ ला सकाळी सात वाजता पुन्हा विचारले, तर 'बँकेकडून उशीर होत आहे'. १७ ला फोनवर ४२ मिनिटे थांबले, तेव्हा 'आमच्याकडून प्रक्रिया पूर्ण झाली आहे, फंड हाऊसला विचारा' असे सांगून फोन ठेवला. म्हणून फंड हाऊसला ईमेल केला आणि १९ तारखेला त्यांनी जे लेखी उत्तर दिले त्यातून मला पहिल्यांदा खरे कारण कळले. त्यांनी १२ नोव्हेंबरलाच रक्कम पाठवली होती. ती माझ्या जुन्या, बंद झालेल्या खात्यावर पाठवल्यामुळे त्याच दिवशी परत आली. १३ नोव्हेंबरला त्यांनी तसे तुम्हाला कळवलेही होते.

म्हणजे १४ तारखेला सकाळी तुमचा माणूस मला बँकेचे नाव सांगत होता, तेव्हा पैसे परत आल्याची नोंद तुमच्याकडे आदल्या दिवसापासून होती. त्या सकाळी मला खरे सांगितले असते, तर रद्द केलेला चेक घेऊन मी तासाभरात तुमच्या कार्यालयात आले असते.

आता जुन्या खात्याबद्दल. मी एप्रिल २०२५ मध्ये तुमच्या ॲपमध्येच बँक खाते बदलले. रद्द केलेल्या चेकचा फोटो दिला, तपासणीसाठी तुम्ही नव्या खात्यात एक रुपया पाठवला, आणि ॲपवर हिरव्या अक्षरांत 'व्हेरिफाइड' आले. त्यानंतरच, मे महिन्यात, मी जुने खाते बंद केले. मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांचे सहाही हप्ते तुम्ही नव्या खात्यातून कापून घेतले. बँकेच्या विवरणपत्रात सहाही नोंदी आहेत. माझ्याकडून पैसे घेताना तुम्हाला नवे खाते बरोबर सापडत होते. मला पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मात्र फोलिओत जुनेच खाते होते, कारण बदलाची माहिती तुम्ही फंडाच्या रजिस्ट्रारकडे पुढे पाठवलीच नाही. ॲपवर एक खाते दाखवायचे आणि फोलिओत दुसरे ठेवायचे, यात गुंतवणूकदाराला चूक कळण्याचा मार्गच उरत नाही. माझी या तक्रारीतली मुख्य हरकत हीच आहे.

चूक कळल्यावरसुद्धा घाई झाली नाही. २० तारखेला मी चेक पुन्हा पाठवला. चार दिवसांनी, २४ तारखेला, तुम्ही सही केलेला फॉर्म मागितला. तो मी त्याच दिवशी दुपारी दिला. त्यानंतर आणखी तीन दिवस गेले. फॉर्म लागणारच होता तर तो २० तारखेला का मागितला नाही, हे मला आजही कळलेले नाही.

१४ तारखेला मला काय करावे लागले तेही नोंदवते. नोंदणी चुकली असती तर इसार धोक्यात होता. माझ्या दिरांनी ३,००,००० रुपये हातउसने दिले, आणि उरलेल्या ३,००,००० साठी आईने मला दिलेल्या पाटल्या आणि माझे मंगळसूत्र सोनेतारण ठेवावे लागले. दुपारी दोनला दुय्यम निबंधक कार्यालयात वेळ घेतलेली होती आणि मी साडेबारापर्यंत सोन्याचे मूल्यांकन व्हायची वाट बघत बसले होते. नव्या जागेच्या कागदावर सही करताना गळ्यात मंगळसूत्र नव्हते. हे मला विसरता येणार नाही. त्याची किंमत मी या पत्रात मागत नाही, कारण ती लावता येत नाही. पण तुमच्या दप्तरी ही गोष्ट असावी असे मला वाटते.

नियमांबद्दल मी स्वतः वाचले आहे, भाच्याने कागद शोधून दिले. सेबीच्या २५ नोव्हेंबर २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे विक्रीची रक्कम अर्जाच्या तारखेपासून तीन कामकाजाच्या दिवसांत गुंतवणूकदाराला पाठवावी लागते. अॅम्फीच्या सदस्य फंड हाऊसनी इक्विटी योजनांसाठी १ फेब्रुवारी २०२३ पासून तर ही मुदत दोन कामकाजाच्या दिवसांवर आणली, आणि तुमच्या स्क्रीनवरही तेच लिहिलेले आहे. मुदत चुकली तर उशिराच्या काळासाठी वार्षिक १५ टक्के दराने व्याज द्यायचे आणि ते फंड हाऊसने स्वतःच्या खिशातून भरायचे, असा नियम आहे.

१० नोव्हेंबरपासून तीन कामकाजाचे दिवस १३ नोव्हेंबरला संपतात. त्या आठवड्यात बाजाराला सुट्टी नव्हती. मी स्क्रीनवरच्या दोन दिवसांचा नव्हे, सेबीच्या तीन दिवसांचाच हिशेब धरते. १३ पासून २७ पर्यंत १४ दिवसांचा उशीर होतो. ६,१२,४८० रुपयांवर १५ टक्के दराने १४ दिवसांचे व्याज ३,५२३ रुपये ८६ पैसे होते.

हे व्याज देण्याची जबाबदारी फंड हाऊस तुमच्यावर टाकेल आणि तुम्ही त्यांच्यावर, याचा अंदाज मला १७ आणि १९ तारखेच्या उत्तरांतून आला आहे. 'आम्ही वेळेत पाठवले होते' असे ते म्हणतील. पण बंद खात्यावर पाठवून परत आलेली रक्कम मला मिळाली असे म्हणता येत नाही, आणि १२ ते २७ तारखेपर्यंत ती माझ्याकडे नव्हती. कोणी किती भरायचे ते तुम्ही दोघांनी आपसात ठरवावे. माझी ऑर्डर तुम्ही घेतली, खाते बदलाची विनंतीही तुम्हीच घेतली. म्हणून मी पूर्ण रक्कम तुमच्याकडे मागते.

त्याशिवाय सोनेतारण कर्जाचा प्रत्यक्ष खर्च : १४ ते २८ नोव्हेंबर, ३,००,००० रुपयांवर १२ टक्क्यांनी व्याज १,३८० रुपये ८२ पैसे, आणि मूल्यांकन व प्रक्रिया शुल्क जीएसटीसह १,७७० रुपये. मिळून ३,१५० रुपये ८२ पैसे. याच्या पावत्या जोडल्या आहेत. दिरांनी व्याज मागितले नाही, म्हणून तेही मी मागत नाही. बाजार वर गेला की खाली, याचाही हिशेब मी यात धरलेला नाही.

दोन्ही मिळून ६,६७४ रुपये ६८ पैसे माझ्या नव्या खात्यात जमा करावेत. कोणत्या खात्यात, हे आता तुम्हाला माहीत आहे.

पैशांइतकीच महत्त्वाची दोन लेखी उत्तरे हवीत. एप्रिलमधला माझा खातेबदल रजिस्ट्रारकडे कोणत्या तारखेला पाठवला, आणि पाठवलाच नसेल तर ॲपवर 'व्हेरिफाइड' कशाच्या आधारावर दाखवले? आणि १३ नोव्हेंबरला पैसे परत आल्याचे कळूनही १९ तारखेपर्यंत मला का सांगितले नाही? 'तांत्रिक अडचण' एवढे उत्तर मी स्वीकारणार नाही. माझ्या केंद्रावर जेवणाऱ्या गिरणगावातल्या कितीतरी बायकांनी माझे बघून तुमच्या ॲपवर एसआयपी सुरू केली आहे. त्यांच्यापैकी तिघींनी यावर्षी खाते बदलले आहे. त्यांच्या फोलिओत कोणते खाते आहे, ते त्यांनी विचारण्याची वाट न बघता तुम्ही तपासून त्यांना कळवावे, अशी माझी विनंती आहे.

या पत्राचे उत्तर २२ डिसेंबर २०२५ पर्यंत, म्हणजे २१ दिवसांत मिळावे. न मिळाल्यास किंवा समाधान न झाल्यास मी सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार नोंदवीन आणि तिथेही न मिटल्यास स्मार्ट ओडीआरवर जाईन. फोनवर बोलायची माझी तयारी आहे, दुपारी तीन ते पाच या वेळेत केंद्राचे काम थोडे कमी असते. पण फोनवर जे ठरेल ते नंतर ईमेलवर लेखी पाठवावे.

सोबत : ऑर्डरच्या स्क्रीनचा व 'व्हेरिफाइड' स्क्रीनचा फोटो, नव्या खात्याचे एप्रिल ते नोव्हेंबरचे विवरणपत्र, फंड हाऊसचा १९ नोव्हेंबरचा ईमेल, चॅटची पूर्ण प्रत, सोनेतारण कर्जाच्या पावत्या आणि इसारपावतीचे पहिले पान.

आपली,
वैशाली सावंत
परळ, मुंबई