मागच्या चाकाचं पंक्चर – व्हिडिओवरून काढलेली चेकलिस्ट

ओंकार, तू पाठवलेला 17 मिनिटांचा व्हिडिओ मी दोनदा बघितला आणि तुझ्या गिअरवाल्या सायकलसाठी हे लिहून काढलं, मोबाईलला ग्रीसचे हात लावत मागे-पुढे करत बसू नकोस, हे प्रिंट काढून भिंतीवर लाव. रविवारी खडकवासल्याला निघायच्या आधी एकदा घरी करून बघ.

हत्यारं: 15 चा पाना, टायर लिव्हर दोन (स्क्रूड्रायव्हर अजिबात नको, ट्यूब कापली जाते), पंप, पाण्याची बादली, बॉलपेन, जुनं फडकं.

सामान: पॅच, सोल्यूशनची ट्यूब, पॉलिश पेपरचा तुकडा. सोल्यूशन एकदा उघडलं की काही महिन्यांत आतल्या आत सुकतं, म्हणून आधी दाबून बघ. एक नवीन ट्यूब जवळ ठेवच, टायरवर छापलेल्या साइजची, आणि वॉल आत्ता आहे तसलाच.

क्रम

1. चेन मागच्या सगळ्यात लहान चक्रावर आण, मग सायकल उलटी कर. व्हिडिओत हे सांगितलंच नाहीये, पण चाक काढताना आणि परत बसवताना यानेच सोपं जातं.
2. ब्रेकची केबल सोडव, दोन्ही नट ढिले कर, चाक काढ. वॉशर कुठल्या क्रमाने होते त्याचा फोटो काढून ठेव.
3. उरलेली हवा पूर्ण सोड. लिव्हर वॉलच्या समोरच्या बाजूने घाल, टायरची एकच कड बाहेर काढ, ट्यूब ओढून घे.
4. ट्यूबमध्ये हवा भर, पाण्यात फिरव, बुडबुडे येतील तिथे पेनाने मोठी फुली मार. शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर हवा कमी असताना खड्ड्यात आपटलीये.
5. टायर आतून तपास. व्हिडिओत हे चार सेकंदात उरकलंय पण सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. फडकं आतून फिरव, अडकेल तिथे काच नाहीतर बारीक तार असते. बायपासच्या कडेला फुटलेल्या ट्रकटायरच्या तारा पडलेल्या असतात, मला तशीच एक लागली होती, मी ती काढली नाही आणि वारज्याच्या पुलापर्यंत नवा पॅच परत गेला.
6. ट्यूब पुसून कोरडी कर, पॅचपेक्षा मोठ्या भागावर पॉलिश पेपर घास, चमक गेली पाहिजे.
7. सोल्यूशन पातळ लाव आणि थांब. ओलं असताना पॅच लावायचा नाही, पाचेक मिनिटांनी चकाकी जाते, मग पॅच लाव आणि अंगठ्याने जोरात दाब, कडासुद्धा.
8. ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच हवा भरून आत बसव, वॉल सरळ ठेव, टायर हाताने चढव, शेवटचा भाग वॉलपासून लांब येऊ दे. ट्यूब कुठे चिमटली नाही ना, दोन्ही बाजूंनी गोल फिरून बघ.
9. चाक मधोमध बसवून नट घट्ट, ब्रेकची केबल परत लाव, दाबून बघ. मग हवा भर, टायरच्या कडेला लिहिलेल्या आकड्याच्या वर जाऊ नकोस.

सोसायटीत दोन चकरा मार, रात्रभर ठेव, सकाळी हवा तेवढीच असली तर मला फोन कर, साडेपाचला निघू.

– मामा