कडीवरचा हात

"दार उघडलं, कळलं. काप," नीलेश म्हणाला. "फिल्म २२ मिनिटांची झालीय. मर्यादा २० ची आहे."

"तिचा हात कडीवरच राहतो, ते बघ ना!" समीराने प्लेहेड मागे नेला. "हे ४ सेकंद काढलेस तर पुढचं रडणं उपरं वाटेल."

नीलेशने ऐकलंच नाही. दार हलताक्षणी कट मारला आणि प्ले केलं. कटवर खट्ट झालं. आधीच्या शॉटमध्ये पंख्याची घरघर होती, पुढच्यात नव्हती, आणि त्याने चित्र-आवाज एकाच फ्रेमवर तोडले होते.

"रूम टोन घातला की जाईल," तो पुटपुटला.

"आवाज जाईल. तिच्या चेहऱ्याचं काय?"

"दोन वर्षं मीच पळतोय या फिल्मसाठी!"

"म्हणून माझा शॉट कापणार?"

तो उठून गॅलरीत गेला. समीराने सिक्वेन्सची प्रत काढली, आवाज बंद करून पूर्ण फिल्म पाहिली. कंटाळा दारापाशी येत नव्हता. जेवणाच्या प्रसंगात येत होता. तिथे प्रत्येक वाक्याला बोलणाऱ्याचा चेहरा होता. तिने सहा वाक्यं उडवली. उरलेल्यांत बोलणं सुरू असतानाच ऐकणाऱ्याचा चेहरा आणला, आवाज १२ फ्रेम पुढे ओढला. दीड मिनिट वाचलं.

"अजून अर्धा मिनिट," मागून नीलेश म्हणाला. तो कधी आला, तिला कळलंच नव्हतं.

"सुरुवातीचा रस्ता काप."

"तो माझा शॉट आहे."

"माहितीये."

त्याने खुर्ची ओढली. "आधी दाखव, कुठून."